उलट्या बादलीतलं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला होता. बारावीला आहे, शास्त्र शाखेत. एका संध्याकाळी गच्चीवर झाडांना पाणी घालता घालता त्याने पाच लिटरची बादली अर्धीअधिक भरली, हात ताठ केला आणि बादली पुढून वर, डोक्यावरून मागे, मागून पुन्हा खाली अशी गरगर फिरवायला लागला. दहा-बारा फेरे झाले. डोक्यावर बादली पूर्ण उलटी होत होती, पण एक थेंब सांडला नाही. मग तो थांबला, खांदा चोळला आणि म्हणाला, “मामा, पुस्तकात लिहिलंय की तळाशी सहापट ताण येतो. ही बादली पाण्यासकट साडेतीन किलोची आहे. म्हणजे एकवीस किलो. माझ्या हाताला काही एकवीस किलो लागले नाहीत.”

मला त्याचा प्रश्न फार आवडला. पाणी का सांडत नाही, हे सगळेच विचारतात. हातातली बादली आणि पुस्तकातला आकडा यांचा मेळ बसत नाही, हे जाणवायला आधी बादली फिरवावी लागते. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हा विषय आहे. सर्कशीतला मृत्युगोलही तिथेच आहे, ज्यात मोटरसायकलवाला जाळीच्या गोलात उभा फेरा घेतो. गणित तेच आहे. पण ते गणित नेमकं कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे कळलं तरच भाच्याच्या खांद्याचं उत्तर मिळतं.

आधी पाण्याकडे बघू. लहानपणी आम्ही दूध आणायला अॅल्युमिनियमची किटली घेऊन जायचो आणि येताना झाकण काढून ती फिरवायचो. दूध का पडत नाही असं विचारलं की मोठी मुलं सांगायची, “फिरवल्यामुळे ते बाहेरच्या बाजूला ढकललं जातं.” पुढे शाळेत त्याला केंद्रोत्सारी बल हे नाव मिळालं. बादलीत बसून फेरे घेणाऱ्या मुंगीच्या नजरेने ते बरोबरच आहे. पण गच्चीवर उभं राहून बघणाऱ्याला जास्त साधी गोष्ट दिसते. उलट्या बादलीतलं पाणी पडतच असतं. ते बाहेर येत नाही, कारण बादलीही त्याच्याइतकीच, किंवा त्याच्याहून जास्त वेगाने खाली वळत असते.

हे आकड्यांत पाहिलं की चित्र स्वच्छ होतं. आमच्या बादलीत तीन लिटर पाणी होतं. भाच्याच्या खांद्यापासून पाण्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजलं तर ९० सेंटिमीटर भरलं. ही झाली वर्तुळाची त्रिज्या. आता बादली अगदी माथ्यावर आहे, वेग आडवा आहे, आणि आपण फक्त पुढच्या एक दशांश सेकंदाचा विचार करतो आहोत. एवढ्या वेळात कुठलीही मोकळी सोडलेली वस्तू सुमारे ५ सेंटिमीटर खाली येते, मग ती दगड असो की पाणी, आणि ती आडवी किती जोरात जात आहे याने त्यात फरक पडत नाही.

बादलीचा वेग माथ्यावर सेकंदाला २ मीटर असेल, तर एक दशांश सेकंदात ती वर्तुळावर २० सेंटिमीटर पुढे सरकते आणि तेवढ्यात वर्तुळाचा बाक तिला जेमतेम २ सेंटिमीटर खाली आणतो. पाण्याला मात्र ५ सेंटिमीटर खाली यायचं आहे. बादलीचा तळ वरच राहतो, पाणी त्याच्यापासून सुटतं आणि डोक्यावर येतं. वेग सेकंदाला ३ मीटर केला की वर्तुळाचा बाक तेवढ्याच वेळात बादलीला जवळजवळ ५ सेंटिमीटर खाली आणतो. पाणीही ५ सेंटिमीटर पडतं. दोघं बरोबरीने पडतात, तळाने पाण्याला रेटायची गरज नाही आणि पाण्याने तळ सोडायचंही कारण नाही. वेग साडेचार मीटर केला तर बादली ११ सेंटिमीटर खाली वळते. पाणी आपणहून पाचच सेंटिमीटर पडणार होतं. उरलेल्या सहांसाठी बादलीचा तळ त्याला वरून खाली दाबत नेतो. तळाने पाण्याला दाबलं म्हणजे पाणीही तळाला दाबून बसलेलं असतं. म्हणून ते घट्ट बसल्यासारखं दिसतं.

मधला तो सेकंदाला ३ मीटरचा वेग म्हणजे माथ्यावरचा किमान वेग. पुस्तकात तो असा लिहितात: v = √(gr). यात g म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८, आणि r म्हणजे त्रिज्या मीटरमध्ये. ९.८ गुणिले ०.९ म्हणजे ८.८२, त्याचं वर्गमूळ २.९७. या सूत्रात वजन कुठेच नाही. बादलीत पाण्याऐवजी वाळू भरा, पारा भरा, किमान वेग तोच राहतो, कारण सगळ्या वस्तू सारख्याच पडतात.

वजन नसलं तरी बादली किती भरलेली आहे, याने थोडा फरक पडतो. पाण्याचा सगळा भाग खांद्यापासून सारख्या अंतरावर नसतो. आमच्या बादलीत पाण्याची उंची साधारण १० सेंटिमीटर होती. म्हणजे तळाजवळचं पाणी खांद्यापासून ९५ सेंटिमीटरवर होतं आणि वरचा पृष्ठभाग ८५ वर. हात एकच, फेरा एकच, पण आतल्या वर्तुळावरचं पाणी कमी वेगाने जातं आणि म्हणून त्याला पडायला आधी वाव मिळतो. वेग कमी होत गेला की सगळं पाणी एकदम खाली येत नाही. पहिल्यांदा सुटतो तो हाताकडचा पृष्ठभाग. बादली जितकी जास्त भराल तितका हा पृष्ठभाग मुठीच्या जवळ येतो आणि फेरा तितका चपळ घ्यावा लागतो. काठोकाठ भरलेली बादली फिरवणं अवघड जातं, त्याचं एक कारण हे आहे. म्हणून ‘सांडणार की नाही’ हे ठरवायचं असेल तेव्हा त्रिज्या पृष्ठभागापर्यंत मोजायची. आमच्यासाठी ती ८५ सेंटिमीटर. एकसारख्या वेगाने फिरवलं तर एका फेऱ्याला फार तर १.८५ सेकंद लागले पाहिजेत, म्हणजे दहा फेऱ्यांना साडेअठरा. यापेक्षा सावकाश फिरवलंत की डोकं भिजलं.

इथे ‘एकसारख्या वेगाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भाच्याच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

तळाशी काय होतं ते आता पाहू. बादली खाली, पायांपाशी आली की हाताला दोन कामं एकदम करावी लागतात. एक म्हणजे तिचं वजन पेलायचं. ते ती नुसती हातात धरली तरी करावंच लागतं. दुसरं म्हणजे सरळ पुढे निघालेल्या बादलीला वर, खांद्याकडे वळवायचं. या वळवण्याला लागणारी ओढ वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, तर ओढ चौपट. माथ्यावर गुरुत्वाकर्षण वळवण्याच्या कामात मदत करतं, कारण तिथे खाली म्हणजेच केंद्राकडे. तळाशी तेच गुरुत्वाकर्षण विरोधात जातं, कारण तिथे केंद्र वर असतं. म्हणून माथ्यावरच्या ओढीतून वजन वजा होतं आणि तळाशी त्यात वजन मिळवलं जातं.

सोयीसाठी सगळं बादलीच्या वजनाच्या पटीत बोलू. माथ्यावर किमान वेग आहे, म्हणजे वळवायला लागणारी ओढ बरोबर एकपट आहे आणि ती पूर्णच्या पूर्ण गुरुत्वाकर्षण पुरवतं. दोरीला काहीच करावं लागत नाही, तिच्यातला ताण शून्य. आता समजा बादली दोरीला बांधली आहे आणि माथ्यावरून खाली येताना तिला कुणी धरत नाही, ढकलत नाही. ती त्रिज्येच्या दुप्पट, म्हणजे १.८ मीटर खाली येते आणि पडणाऱ्या कुठल्याही वस्तूसारखी वेग घेते. हिशेब केला तर या पडण्याने तळाशी वळवायची ओढ आणखी चारपटीने वाढते. माथ्यावरची एक, पडण्याची चार, आणि बादलीचं स्वतःचं वजन एक: बेरीज सहा. पुस्तकातले सहापट ते हे. आमच्या बादलीचा तळाचा वेग यात सेकंदाला ६.६ मीटर होतो, म्हणजे माथ्यावरच्या वेगाच्या सव्वादोनपट.

या सहामध्ये दोरीची लांबी कुठेच येत नाही, हे मला आजही नवलाचं वाटतं. अर्ध्या मीटरच्या दोरीला किटली बांधा की पाच मीटरच्या. जेमतेम फेरा पुरा होत असेल तर तळाशी सहापटच ताण. दोरी लांब केली की वेग वाढतो, पण वळणही तेवढंच सैल होतं आणि दोन्ही एकमेकांना तंतोतंत फेडतात.

हा सहाचा आकडा बराच जुना आहे. हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूंच्या ओढीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने दोन गोष्टी शेजारी शेजारी सिद्ध केल्या आहेत. दोरीला टांगलेला गोळा आडवा धरून सोडला, तर तळाशी येताना तो दोरीला वजनाच्या तिप्पट ओढतो. आणि गोळ्याला उभा पूर्ण फेरा घ्यायचा असेल, तर दोरी वजनाच्या सहापट भार सोसणारी हवी. त्याच्या १६७३ च्या घड्याळांवरच्या ग्रंथाच्या शेवटी या विषयाचे निष्कर्ष सिद्धतेशिवाय छापले गेले. मूळ निबंध छापून आला १७०३ मध्ये, हायगेन्स वारल्यानंतर आठ वर्षांनी. न्यूटनचे गतीचे नियम छापून आले १६८७ मध्ये. म्हणजे बादलीचा हा हिशेब त्या नियमांच्या कितीतरी आधी झाला होता, आणि तोही लंबकाच्या घड्याळाचा ध्यास घेतलेल्या माणसाकडून.

पण हायगेन्सचा गोळा दोरीला आहे. दोरी फक्त स्वतःच्या रेषेत, केंद्राकडे ओढू शकते. ती गोळ्याला मागून रेटू शकत नाही, पुढून अडवू शकत नाही. माणसाचा हात दोन्ही करतो. बादली मागून खाली येत असते तेव्हा खांद्याचे स्नायू तिला थोडं धरून ठेवतात, आणि पुढून वर जात असते तेव्हा ढकलतात. हात इतका सफाईदार असेल की बादलीचा वेग संपूर्ण फेऱ्यात एकसारखा राहील, तर पडण्याची ती चारपट ओढ वाढतच नाही. मग माथ्यावर शून्य, आणि तळाशी वळवायची एक अधिक वजनाची एक, मिळून फक्त दोन. सहा आणि दोन हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिल्यात वेग गुरुत्वाकर्षणाच्या हवाली आहे, दुसऱ्यात हाताच्या.

दोन्ही टोकांना ओळखायची एक खूण आहे. तळाचा ताण आणि माथ्याचा ताण यांच्यातला फरक घ्यायचा. मोकळ्या दोरीवर तो नेहमी सहापट असतो, मग तुम्ही जेमतेम फिरवा की जोरात फिरवा. एकसारख्या वेगावर तो नेहमी दोनपट. माणसाच्या हाताचा फरक या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडायला हवा. भाच्याचा कुठे पडतो, ते मोजता येईल असं वाटलं.

आम्ही मोबाइल कठड्यावर टेकवून बाजूने व्हिडिओ घेतला. साधा व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेमचा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं: हात पुढे आडवा होतो तिथपासून डोक्यावरून मागे आडवा होईपर्यंत, म्हणजे वरच्या अर्ध्या फेऱ्याला १८ फ्रेम, मागून तळातून पुन्हा पुढे येईपर्यंत १५. वरचा अर्धा ०.६ सेकंद, खालचा ०.५. पूर्ण फेरा १.१ सेकंद. १.८५ पर्यंत चाललं असतं, म्हणजे भाचा गरजेपेक्षा बराच जोरात फिरवत होता. सगळेच तसं करतात. भीतीमुळे हात आपोआप जोर लावतो.

अर्ध्या फेऱ्याची लांबी २.८३ मीटर. वरच्या अर्ध्यात सरासरी वेग सेकंदाला ४.७ मीटर, खालच्यात ५.६५. हेच वेग माथ्याचे आणि तळाचे मानले (खरं तर माथ्यावर थोडा कमी आणि तळाशी थोडा जास्त असणार), तर माथ्यावर वळवायची ओढ वजनाच्या अडीचपट निघते. त्यातली एकपट गुरुत्वाकर्षण देतं, उरलेली दीडपट हात. साडेतीन किलोच्या बादलीसाठी सव्वापाच किलोचा भार. तळाशी वळवायची ओढ ३.६ पट, त्यात वजन मिळवून ४.६ पट, म्हणजे सोळा किलो. भाच्याचा खांदा बरोबर सांगत होता: एकवीस लागलेच नव्हते. आणि फरक ४.६ वजा १.५, म्हणजे ३.१ पट. दोनपेक्षा जास्त, सहापेक्षा बराच कमी. बादलीला तो बऱ्यापैकी ताब्यात ठेवून फिरवत होता.

यात अडचणीची गोष्ट एकच, ती म्हणजे सुरुवात आणि शेवट. ज्यांनी बादली फिरवून स्वतःला भिजवून घेतलं आहे, ते बहुतेक सगळे याच दोन वेळी भिजले आहेत. याचंही कारण हिशेबातून नेमकं दिसतं. मोकळ्या दोरीच्या बादलीला तळाशी सेकंदाला ४.२ मीटरपर्यंत वेग असेल, तर ती फार तर आडव्या रेषेपर्यंत चढते आणि झोपाळ्यासारखी परत येते. दोरी ताठच राहते, पाणी सांडत नाही. तळाशी ६.६ मीटरच्या वर वेग असेल तर ती पूर्ण फेरा घेते, पाणी तरीही सांडत नाही. या दोन वेगांच्या मधला पट्टा मात्र वाईट. त्यात बादली आडव्या रेषेच्या वर तर चढते, पण माथ्यापर्यंत दोरी ताठ राहत नाही. समजा, माथ्याच्या उंचीपर्यंत पोहोचण्यापुरतीच ताकद घेऊन बादली निघाली, तळाशी वेग ६ मीटरच्या आसपास. वाटतं की पोहोचेल. पण माथा अजून ४८ अंश दूर असतानाच दोरी सैल पडते आणि पाणी बादलीतून सुटून पुढे झेपावतं. ते नेमकं फिरवणाऱ्याच्या अंगावरच येतं, कारण त्या क्षणी त्याचा वेग वर आणि मागे, म्हणजे डोक्याच्या दिशेने असतो.

म्हणून फिरवायला सुरुवात करताना दोन-तीन छोटे झोके घ्यायचे, आडव्या रेषेच्या खालीच, आणि मग एका दमात पुढचा झोका पुरा करायचा. मधेच मन डगमगलं, हात खांद्याच्या वर जाऊन सावकाश झाला, की तो वाईट पट्टा लागलाच. थांबताना याच्या उलट. माथ्यावर वेग कमी करायचा नाही. बादली मागून आडव्या रेषेच्या खाली उतरली की मग तिला धरायला लागायचं, आणि ती तळातून पुढे निघताना तिच्याबरोबर दोन-तीन पावलं चालत जायचं. आपण पुढे चालतो तेव्हा खांदाही बादलीच्या दिशेने सरकतो, खांद्याच्या मानाने तिचा वेग तेवढा कमी होतो आणि ती आडव्या रेषेपर्यंत न चढता झोपाळ्यासारखी शांत होते. बादली कडीच्या बिजागरीवर लोंबती असते हेही उपयोगी पडतं. ती आपणहून ओढीच्या दिशेला वळते आणि पाण्याचा पृष्ठभाग कडीला आडवाच राहतो. बादली काठाने घट्ट पकडून फिरवली तर हा फायदा जातो.

दुसरी काळजी बादलीच्या कानांची. प्लॅस्टिकच्या बादलीला दोन बाजूंना भोकं असलेले कान असतात आणि लोखंडी कडीची वाकवलेली टोकं त्यांत अडकवलेली असतात. बादली उचलताना त्यांच्यावर साडेतीन किलो येतात, फिरवताना दर फेऱ्याला एकदा सोळा. दहा फेरे म्हणजे दहा हिसके. कान दगा देणार असेल तर तो जवळजवळ नेहमी तळाशीच देणार, कारण भार तिथे सगळ्यात जास्त. आणि तळाशी सुटलेली बादली बाहेर, म्हणजे जमिनीकडे जात नाही. सुटलेली वस्तू त्या क्षणी ज्या दिशेने चालली असेल तिकडेच जाते. तळाशी बादलीचा वेग आडवा, पुढच्या दिशेला असतो. म्हणून ती गुडघ्याच्या उंचीवरून सरळ समोर जाते, सेकंदाला साडेपाच-सहा मीटरने. गंमत बघायला मुलं समोर उभी राहतात, तेच सगळ्यात धोक्याचं ठिकाण. बघणाऱ्यांनी बाजूला उभं राहावं, फिरवणाऱ्याच्या समोर आणि मागे कुणी नको. मी आमच्या बादलीचे कान निरखून पाहिले तेव्हा एका भोकाच्या वरच्या कडेला पांढरट रेघ आली होती आणि भोक गोल न राहता लांबट झालं होतं. निळं प्लॅस्टिक असं पांढरं पडलं म्हणजे ते आतून ताणलं गेलं आहे. ती बादली पुन्हा फिरवू दिली नाही.

पण भाच्याला ते सहापट स्वतःच्या हाताने बघायचे होते, आणि त्यासाठी दोरी हवीच होती. माळ्यावरून जुनी दुधाची किटली काढली. तिच्यात पाणी घातलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर एक किलो भरली. तिच्या कडीला सुताची जाड दोरी बांधली, मुठीपासून पाण्याच्या मध्यापर्यंत पुन्हा ९० सेंटिमीटर होतील अशी. मूठ जागेवर ठेवून, मनगट जेमतेम हलवत फिरवायचं आणि वेग हळूहळू इतका उतरवायचा की फेरा कसाबसा पुरा होईल, असं ठरलं. हिशेब सांगत होता की असा फेरा १.२ सेकंदांचा असेल. या वेळेकडे नीट पाहायला हवं. एकसारख्या वेगाच्या हाताला १.८५ सेकंदांचा फेरा पुरला असता, दोरीला १.२ चाच लागतो, कारण ती खालच्या अर्ध्यात घाई करते आणि माथ्यावर रेंगाळते. नुसतं घड्याळ लावून फेरे मोजले तर ही गोष्ट कळत नाही. फ्रेममध्ये ती दिसायला हवी होती: खालच्या अर्ध्याला १४, वरच्याला २२-२३.

पहिल्या दोन प्रयत्नांत दोरी माथ्याच्या अलीकडेच सैल पडली आणि किटली त्याच्या खांद्यावर आपटली. तिसऱ्यांदा सलग पाच-सहा फेरे जमले. किटली माथ्यावर अगदी तरंगल्यासारखी यायची आणि खाली येताना दोरी मुठीला एकदम हिसका द्यायची. त्याने दोरी सोडून तळहात दाखवला, त्यावर लाल वळ उठला होता. “एका किलोच्या किटलीने एवढं?” तो म्हणाला. मी व्हिडिओ पुढे सरकवत मोजत होतो. खाली १४ आल्या, वर २२.

त्याचे केस मात्र पुढून ओले झाले होते. मूठ ते पाण्याचा मध्य ९० सेंटिमीटर धरून आम्ही वेग बेताचा ठेवला होता. किटलीतल्या पाण्याचा पृष्ठभाग त्याहून मुठीच्या जवळ होता, आणि माथ्यावर दर वेळी तेवढं वरचं पाणी सुटत होतं.